‘कोहोर्तान्दी’ दोनदा: सीझरच्या एका परिच्छेदातलं जेरंड आणि जेरंडिव्ह

इ.स.पू. 57 चा उन्हाळा. आजच्या बेल्जियमच्या सीमेजवळ साबिस नावाच्या नदीकाठी एका टेकडीवर सीझरच्या सहा लीजन छावणी उभारत होत्या. शस्त्रं बाजूला ठेवलेली, ढालींवर खोळी तशाच, काही जण बांधासाठी माती आणि लाकूडफाटा आणायला दूर गेलेले. तेवढ्यात पलीकडच्या झाडीत दबा धरून बसलेले नेर्वी जमातीचे लोक आणि त्यांचे साथीदार नदी ओलांडून थेट अंगावर आले. गॉलच्या युद्धावरच्या आपल्या टिपणांच्या दुसऱ्या पुस्तकात, विसाव्या आणि एकविसाव्या प्रकरणांत, सीझरने हा गोंधळ सांगितला आहे. जेरंड म्हणजे क्रियेचं नाम, जेरंडिव्ह म्हणजे क्रियेचं विशेषण; लॅटिनमधली ही दोन रूपं शिकवायला मला याहून चांगला उतारा माहीत नाही. नियम समजावण्यासाठी रचलेली वाक्यं नेहमी सरळ असतात. इथे घाईत सगळेच प्रकार एकमेकांवर आदळतात.

माझ्याकडे लॅटिन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने या दोन प्रकरणांचं इंग्रजी भाषांतर करून आणलं. तिचं एम.ए. संस्कृतातलं, तौलनिक भाषाशास्त्रासाठी लॅटिन हवं म्हणून आलेली. शब्दसंग्रह चांगला, विभक्ती पाठ. तरीही भाषांतर वाचताना सीझरच्या सैन्यात प्रत्येकावर काही ना काही सक्ती आहे असं वाटत होतं. माणसांना बोलावलंच पाहिजे, मातीला शोधलंच पाहिजे, शिरस्त्राणांना घातलंच पाहिजे. ती चुकली कुठे आणि कशामुळे, हे एकेक जागा घेऊन पाहू.

आधी मूळ वाक्य. लॅटिन इथे देवनागरीत आणि जुन्या, शास्त्रीय उच्चारांनुसार लिहिलं आहे. म्हणजे ‘सी’ हे अक्षर सगळीकडे ‘क’ आणि आपला सीझर तिथे कायसार.

‘कायसारी ओम्निआ ऊनो तेम्पोरे एरान्त आगेन्दा: वेक्सिल्लुम प्रोपोनेन्दुम, … सिग्नुम तुबा दान्दुम; आब ओपेरे रेवोकान्दी मीलितेस; क्वी पाउलो लोंगिउस आग्गेरिस पेतेन्दी काउसा प्रोकेस्सेरान्त, आर्केस्सेन्दी; आकिएस ईन्स्त्रुएन्दा; मीलितेस कोहोर्तान्दी; सिग्नुम दान्दुम.’

जिथे टिंबं दिली आहेत तिथे झेंड्याबद्दल एक छोटं उपवाक्य आहे: शस्त्रं घ्यायला धावायचं असेल तेव्हा तो झेंडा ही खूण. बाकी वाक्याचा अर्थ ढोबळपणे असा: सीझरपुढे सगळं एकाच वेळी करायचं होतं. झेंडा लावायचा, तुतारीचा इशारा द्यायचा, कामावरून शिपाई परत बोलवायचे, बांधाचं सामान आणायला जरा लांब गेलेल्यांना बोलावणं धाडायचं, फळी उभी करायची, शिपायांना धीर द्यायचा, इशारा द्यायचा.

मराठीत हा अर्थ लिहिताना मला काहीच अडलं नाही हे लक्षात ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

तिचं इंग्रजी असं सुरू होत होतं: ‘एव्हरीथिंग मस्ट हॅव बीन डन बाय सीझर ॲट वन टाइम.’ सामानाच्या जागी: ‘बिकॉज ऑफ द रँपार्ट विच मस्ट बी सॉट.’ पुढच्या प्रकरणात सीझर शिपायांकडे धावतो तिथे: ‘ही रॅन डाउन टु द सोल्जर्स हू मस्ट बी एन्करेज्ड.’ शिरस्त्राणांच्या जागी: ‘फॉर द हेल्मेट्स दॅट मस्ट बी पुट ऑन.’ आणि शेवटी, दुसऱ्या बाजूच्या तुकडीकडे तो निघतो तिथे: ‘फॉर द सेक ऑफ दोज हू मस्ट बी एन्करेज्ड.’

मी विचारलं, ‘हे सगळीकडे मस्ट बी कुठून आलं?’

‘सर, जेरंडिव्ह म्हणजे आपलं तव्य आणि अनीय ना? आगेन्दा म्हणजे कर्तव्यानि. मग प्रत्येक जेरंडिव्हला कर्तव्याचा अर्थ असणारच.’

तिची तुलना चुकीची नव्हती, अर्धी होती. संस्कृतातली कृत्य प्रत्ययांची रूपं आणि लॅटिनमधलं ‘न्द’वालं विशेषण यांचं एक काम खरोखर सारखं आहे. दोन्ही कर्मणी, दोन्ही नामाशी लिंग-वचन-विभक्तीने जुळणारी, आणि ‘असणे’ या क्रियापदासोबत विधेय म्हणून आली की ‘हे करायला हवं’ असं सांगणारी. ‘वंदनीय’, ‘दर्शनीय’ यांसारखा ‘त्या लायकीचा’ हा फिका अर्थही लॅटिनमध्ये आहे. ‘होर्रेन्दुस’ म्हणजे अंगावर काटा यावा असा. पण लॅटिन या रूपाकडून आणखी एक काम करून घेतं, आणि त्यात कर्तव्य मुळीच नसतं. संस्कृतवरून लॅटिनकडे येणारा माणूस नेमका तिथे अडखळतो.

मी तिला संस्कृत बाजूला ठेवून मराठीत विचार करायला सांगितलं. ‘मला अर्ज लिहायचा आहे. मला चिठ्ठी लिहायची आहे. मला पत्रं लिहायची आहेत.’ क्रियेचं रूप लिहिल्या जाणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, आणि लिहिणारा चतुर्थीत, ‘मला’. लॅटिनची बांधणी तीच: ‘मिही एपिस्तुला स्क्रीबेन्दा एस्त’, मला पत्र लिहायचं आहे, ‘मिही एपिस्तुलाय स्क्रीबेन्दाय सुन्त’, मला पत्रं लिहायची आहेत. ‘मिही’ ही चतुर्थीच. संस्कृतात करणारा तृतीयेत जातो, ‘मया लेखनीयम्’, किंवा पाणिनीने दिलेल्या मुभेप्रमाणे षष्ठीत. मराठी इथे लॅटिनच्या जास्त जवळ आहे. अकर्मक क्रियापदाचंही तसंच. ‘मिही एउन्दुम एस्त’, मला जायचं आहे: दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी एकवचन, कारण जुळायला कर्मच नाही.

आता तेच ‘-आयचं’ नामाला चिकटवून बघा. प्यायचं पाणी. लिहायचा कागद. नेसायची साडी. ‘प्यायचं पाणी कुठे ठेवलंय?’ असं कोणी विचारलं तर ते पाणी प्यायलाच हवं असं कोणाच्या मनात येत नाही. पिण्यासाठीचं पाणी, एवढंच. म्हणजे आपल्या भाषेतही या रूपात कर्तव्य कायमचं बसलेलं नाही. ‘आहे’सोबत विधेय झालं की ते येतं, नामाला नुसतं विशेषण झालं की बहुतेक वेळा निघून जातं. बहुतेक वेळा म्हटलं, कारण ‘मला करायची कामं’ यात ‘मला’ आल्याबरोबर कर्तव्यही परत येतं. लॅटिनमध्येही ‘आगेन्दा’ एकट्याने ‘करायच्या गोष्टी’ असा अर्थ देऊ शकतं. सीझरच्या वाक्यातला हा शब्द इंग्रजीने जसाच्या तसा उचलला आणि आपण तो दर मीटिंगला ‘अजेंडा’ म्हणून वापरतो.

हे पटल्यावर विसाव्या प्रकरणाचं वाक्य परत घेतलं. ‘एरान्त आगेन्दा’ यात ‘एरान्त’ म्हणजे ‘होत्या’. जेरंडिव्ह स्वतः काळ सांगत नाही, काळ सगळा ‘असणे’ या क्रियापदातून येतो. ‘सुन्त’ असतं तर करायच्या आहेत, ‘एरुन्त’ असतं तर करायच्या असतील. इंग्रजीत अडचण अशी की ‘मस्ट’ला भूतकाळ नाही. विद्यार्थ्याला भूतकाळ हवा असतो, म्हणून तो ‘मस्ट हॅव बीन डन’ लिहितो, आणि अर्थ पार पालटतो. ‘एव्हरीथिंग मस्ट हॅव बीन डन’ म्हणजे ‘सगळं झालंच असणार’. तो अंदाज झाला, कर्तव्य नव्हे. वाचणाऱ्याला सीझर मागे बसून तर्क करतोय असं वाटेल. भूतकाळातल्या कर्तव्यासाठी ‘हॅड टु’ कडेच जावं लागतं.

मग ‘बाय सीझर’. हे व्याकरणदृष्ट्या चूक नाही, पण इंग्रजी कानाला जड आहे. लॅटिनमध्ये करणारा चतुर्थीत असल्यामुळे वाक्य त्याच्या बाजूने बघतं, ‘सीझरला’ असं सुरू होतं. इंग्रजी तीच नजर ठेवायला त्याला कर्ता करतं: ‘सीझर हॅड टु डू एव्हरीथिंग ॲट वन्स.’ पहिल्या भाषांतरात हे पुरेसं आहे, परीक्षेतही कोणी गुण कापणार नाही.

मला मात्र ते पूर्ण पटत नाही, आणि इथे थोडं थांबण्यासारखं आहे. पुढचंच वाक्य सांगतं की यातल्या बऱ्याच गोष्टींच्या आड वेळेची टंचाई आणि शत्रूची धडक आली. म्हणजे यादी करायच्या गोष्टींची आहे, झालेल्या गोष्टींची नाही. इंग्रजीत ‘आय हॅड टु डू इट’ ऐकलं की ऐकणारा धरून चालतो की ते केलं. आपल्या ‘करावं लागलं’सारखं. लॅटिनचा ‘एरान्त’ हा अपूर्ण भूतकाळ आपल्या ‘करायचं होतं’च्या जवळ आहे; झालं की नाही ते उघडंच ठेवतो. इंग्रजीत हा उघडेपणा राखणारी रचना आहे: ‘सीझर हॅड एव्हरीथिंग टु डू ॲट वन मोमेंट.’ करायचं सगळं समोर होतं. मी हीच घेईन.

मराठीवरून येणाऱ्याला इथे एक खास धोका आहे. ‘सीझरला सगळं करायचं होतं’ हे मराठीत इच्छा म्हणूनही वाचता येतं. ‘मला डॉक्टर व्हायचं होतं’ यात सक्ती नाही, हौस आहे. जेरंडिव्हमध्ये ही इच्छेची बाजू नाही. मराठीचा आधार घेऊन कोणी ‘सीझर वाँटेड टु डू एव्हरीथिंग’ लिहिलं तर ते सरळ चूक. बांधणी समजायला मराठी वापरावी, क्रियापद निवडताना तिच्यावर विसंबू नये.

यादीतल्या पुढच्या जेरंडिव्हांना वेगळं क्रियापद दिलेलं नाही. ‘एरान्त’ एकदाच येतं आणि बाकीच्यांनी ते मनात धरायचं, नाम एकवचनी असेल तिथे ‘एरात’ असं. ‘वेक्सिल्लुम’ नपुंसक म्हणून ‘प्रोपोनेन्दुम’, ‘आकिएस’ स्त्रीलिंगी म्हणून ‘ईन्स्त्रुएन्दा’, ‘मीलितेस’ पुल्लिंगी अनेकवचन म्हणून ‘रेवोकान्दी’. इंग्रजीलाही हे छान जमतं: ‘द फ्लॅग टु बी रेज्ड, द ट्रम्पेट सिग्नल टु बी गिव्हन, द मेन टु बी कॉल्ड बॅक फ्रॉम द वर्क.’ इथे मी मुद्दाम कर्मणी ठेवतो. तुतारी काही सीझरने स्वतः फुंकली नाही. ‘सीझरला’ या चतुर्थीत जबाबदारी त्याची एवढंच आहे, हात कोणाचे ते सांगितलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी ‘ही हॅड टु ब्लो द ट्रम्पेट’ केलं तर सेनापतीची तारांबळ विनोदी दिसायला लागते.

आता ‘आग्गेरिस पेतेन्दी काउसा’. पहिली चूक शब्दाची. ‘आग्गेर’ म्हणजे बांध खरा, पण इथे त्याचा अर्थ बांधासाठी लागणारं सामान: माती, लाकूडफाटा. शिपाई बांध शोधायला गेले नव्हते. दुसरी चूक मोठी. ‘पेतेन्दी’ इथे ‘आग्गेरिस’शी जुळलेलं आहे, दोन्ही षष्ठी एकवचन, आणि ती षष्ठी ‘काउसा’, म्हणजे ‘साठी’, मागते. ‘असणे’ क्रियापद जवळपास नाही, विधेय नाही. शब्दशः ‘आणायच्या सामानासाठी’. प्यायचं पाणी तसं आणायचं सामान, कर्तव्य नाही.

इंग्रजीत आणताना नाम आणि विशेषण यांची अदलाबदल करावी लागते. लॅटिनमध्ये नाम पुढारी आहे आणि जेरंडिव्ह त्याच्या मागे आहे. इंग्रजीत क्रिया पुढे यायची आणि नाम तिचं कर्म व्हायचं: ‘फॉर द सेक ऑफ फेचिंग मटीरियल’, आणि मोकळ्या इंग्रजीत नुसतं ‘टु फेच मटीरियल’. लॅटिनमध्ये जेरंड घेऊन ‘आग्गेरेम पेतेन्दी काउसा’ असं म्हणणं अशक्य नव्हतं, पण कर्म असलेल्या क्रियेच्या बाबतीत लॅटिन लेखक सहसा जेरंडिव्हच पसंत करतात. इंग्रजीत त्या पसंतीची खूण ठेवायचं कारण नाही. जेरंड असो वा असं जेरंडिव्ह, इंग्रजीत दोन्ही ‘-इंग’ किंवा ‘टु’ने येतात.

विद्यार्थिनीने इथे चांगला प्रश्न विचारला. ‘मग जेरंड आणि जेरंडिव्ह ओळखायचं कसं? पेतेन्दी दोन्ही असू शकतं.’

याचं उत्तर ‘कोहोर्तान्दी’ या शब्दाने द्यायचं म्हणून मी तो राखून ठेवला होता. हा शब्द या दोन प्रकरणांत अगदी त्याच रूपात दोनदा येतो, आणि मध्ये एकदा थोड्या वेगळ्या रूपात.

पहिल्यांदा विसाव्या प्रकरणात: ‘मीलितेस कोहोर्तान्दी’. ‘मीलितेस’ प्रथमा अनेकवचन, ‘कोहोर्तान्दी’ त्याच्याशी जुळणारं प्रथमा अनेकवचन, ‘एरान्त’ मनात धरलेलं. जेरंडिव्ह, विधेय, कर्तव्य. ‘द सोल्जर्स टु बी एन्करेज्ड’. या क्रियापदाचं एक वैशिष्ट्य म्हणजे ते रूपाने कर्मणी पण अर्थाने कर्तरी आहे. ‘कोहोर्तोर’ म्हणजे ‘मी धीर देतो’. तरी त्याचं जेरंडिव्ह मात्र खरोखर कर्मणी असतं: धीर द्यायचे ते शिपाई, धीर देणारे नव्हे.

दुसऱ्यांदा एकविसाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला. आवश्यक ते हुकूम देऊन सीझर ‘आद कोहोर्तान्दोस मीलितेस’ धावत खाली जातो आणि दहाव्या लीजनपाशी पोचतो. शब्द तेच, शिपाई तेच, पण आता ‘आद’ या शब्दयोगी अव्ययामागे द्वितीयेत. ‘कोहोर्तान्दोस’ ‘मीलितेस’शी जुळतं, म्हणून जेरंडिव्हच, पण विधेय नाही, ‘असणे’ नाही, म्हणून कर्तव्य नाही. शिपायांना धीर देण्यासाठी. ‘टु एन्करेज द सोल्जर्स’. विद्यार्थिनीने ‘टु द सोल्जर्स हू मस्ट बी एन्करेज्ड’ केलं होतं. ‘आद’चा ‘कडे’ हा अर्थ घेतला आणि जेरंडिव्हला कर्तव्य चिकटवलं. चूक पकडायला कठीण होती, कारण सीझर खरोखर शिपायांकडेच धावत होता आणि त्यांना धीर द्यायची गरजही खरोखर होती. गोष्ट बरोबर असल्यामुळे वाक्य चुकल्याचं कळत नाही.

तिसऱ्यांदा, दहाव्या लीजनला चार शब्द बोलून लढाईचा इशारा दिल्यावर, तो दुसऱ्या बाजूला निघतो: ‘कोहोर्तान्दी काउसा’. पुन्हा तेच ‘कोहोर्तान्दी’. पण आता जवळ ते जुळेल असं एकही नाम नाही. ‘काउसा’ला षष्ठी हवी आहे आणि ती ‘कोहोर्तान्दी’ स्वतःच पुरवतं. म्हणजे हे क्रियेचं नाम, जेरंड, षष्ठी एकवचन. धीर देण्यासाठी, कोणाला ते सांगितलेलं नाही. ‘टु एन्करेज देम’ म्हणताना ‘देम’ इंग्रजीने आपल्या गरजेपोटी घातलेला आहे.

तर ओळखायची रीत रूपात नाही, शेजारात आहे. जुळणारं नाम सापडलं तर जेरंडिव्ह. ते नाम प्रथमेत आणि ‘असणे’ क्रियापद दिसत किंवा मनात असेल तर कर्तव्य, इतर विभक्तीत शब्दयोगी अव्ययासोबत किंवा ‘काउसा’सोबत असेल तर नुसता हेतू किंवा क्रिया. जुळणारं नाम नसलं आणि रूप षष्ठी, चतुर्थी, द्वितीया वा पंचमीचं एकवचन असलं तर बहुधा जेरंड, आणि जेरंडात कर्तव्य कधीच नसतं. जेरंडाला प्रथमा नाही. तिथे लॅटिन ‘पुग्नारे’सारखं इन्फिनिटिव्ह वापरतं. मराठीत ‘लढणं’ प्रथमेत आणि बाकी विभक्तींत ‘लढण्याचा, लढण्यात, लढण्यासाठी’, तसंच. एक रूप मात्र तपासावं लागतं: ‘एउन्दुम एस्त’सारखं ‘-उम’वालं रूप ‘एस्त’सोबत दिसलं आणि नाम नसलं, तर ते अकर्मक क्रियेचं कर्तव्यवाचकच.

हे हातात घेऊन एकविसाव्या प्रकरणातलं उरलेलं पटकन उलगडलं. शत्रूची मनं ‘आद दीमिकान्दुम’ इतकी सज्ज होती: ‘दीमिकारे’ म्हणजे झुंजणे, अकर्मक, जुळायला नाम नाही, जेरंड, ‘रेडी टु फाइट’. पुढे वेळ इतका कमी होता की ‘आद गालेआस इन्दुएन्दास’, शिरस्त्राणं घालायलाही उरला नाही. ‘फॉर पुटिंग ऑन हेल्मेट्स’. शिरस्त्राणं घालायला हवीच होती यात शंका नाही, पण ते वाक्य म्हणत नाही. त्याच दमात ‘स्कूतीस तेगिमेन्ता देत्राहेन्दा’ येतं, ढालींवरच्या खोळी काढायलाही वेळ नव्हता. विद्यार्थिनीने ‘स्कूतीस’ला करणारा समजून ‘बाय द शील्ड्स’ लिहिलं होतं, ‘कायसारी’च्या धर्तीवर. पण करणारा चतुर्थीत येतो तो कर्तव्याच्या रचनेत. इथे कर्तव्यच नाही, तेव्हा ती खोळी जिच्यावरून काढायची ती ढाल.

सगळ्यात सुंदर जागा शेवटी. शिपाई जो झेंडा आधी दिसला त्यापाशी उभे राहिले, ‘ने इन क्वायरेन्दीस सुईस पुग्नान्दी तेम्पुस दीमित्तेरेत’. आपली माणसं शोधण्यात लढायची वेळ दवडू नये म्हणून. ‘क्वायरेन्दीस’ हे ‘सुईस’शी, आपल्या माणसांशी, जुळलेलं जेरंडिव्ह, ‘इन’मागे पंचमीत, म्हणून कर्तव्य नाही. ‘पुग्नान्दी’ एकटं, ‘तेम्पुस’ला चिकटलेलं, षष्ठीतलं जेरंड. शेजारी शेजारी दोन्ही, आणि इंग्रजीत दोघांनाही एकच कपडा: ‘इन ऑर्डर नॉट टु वेस्ट, इन लुकिंग फॉर देअर ओन मेन, द टाइम फॉर फायटिंग.’ मराठीत ‘लढायची वेळ’ म्हटल्यावर पुन्हा तेच ‘-आयची’, आणि पुन्हा सक्तीशिवाय.

वर दिलेली शेजाराची रीत दोन ठिकाणी फसते, तीही तिला त्याच बैठकीत दाखवली. पहिली जागा सगळ्यांच्या ओळखीची. रोमन नेता केटो सिनेटमध्ये कार्थेज हे शत्रूचं शहर नष्ट करायला हवं असं वारंवार म्हणायचा. आज शाळाशाळांत फिरणारं ‘केतेरुम केन्सेओ’ने सुरू होणारं वाक्य त्या रूपात कोणत्याही प्राचीन लेखकाकडे नाही. पण रोमन लेखक प्लिनीने केटोचा हेका ‘कार्थागिनेम देलेन्दाम’ अशा शब्दांत नोंदवला आहे. द्वितीया, जुळणारं नाम, आणि ‘असणे’ कुठेच दिसत नाही. रीत यांत्रिकपणे लावली तर ‘कर्तव्य नाही’ असं उत्तर निघेल, आणि ते चूक. हे ‘तो ओरडायचा की…’ अशा अप्रत्यक्ष कथनातलं वाक्य आहे. तिथे कर्ता द्वितीयेत जातो आणि ‘एस्से’, म्हणजे ‘असणे’, गाळलं जाऊ शकतं. ‘दॅट कार्थेज मस्ट बी डिस्ट्रॉइड’. बोलणे, ओरडणे, मानणे यांसारखं क्रियापद दिसलं की द्वितीयेलाही प्रथमेसारखं तपासायचं. इथे ‘मस्ट’ चालतं, ‘हॅड टु’ची गरज नाही, कारण केटोची मागणी तो ओरडतो त्या क्षणी चालू आहे.

दुसरी जागा सीझरच्याच पहिल्या पुस्तकातली. आरार नदीवर त्याने ‘पोन्तेम फाकिएन्दुम कूरात’. ‘कूरात’ म्हणजे ‘व्यवस्था करतो’. पूल द्वितीयेत, ‘फाकिएन्दुम’ त्याच्याशी जुळलेलं, आणि अर्थ ना कर्तव्य ना ‘बांधण्यासाठी’, तर ‘पूल बांधवून घेतो’. मराठीचं प्रयोजक रूप इथे एका शब्दात काम करतं. इंग्रजीत ‘ही हॅज अ ब्रिज बिल्ट’. विद्यार्थिनीने आधी ‘ही टेक्स केअर ऑफ द ब्रिज विच मस्ट बी बिल्ट’ लिहिलं, स्वतःच वाचलं आणि खोडलं.

तिचा दुसरा मसुदा विसाव्या प्रकरणासाठी असा झाला: ‘सीझर हॅड एव्हरीथिंग टु डू ॲट वन मोमेंट: द फ्लॅग टु बी रेज्ड, द ट्रम्पेट सिग्नल टु बी गिव्हन, द मेन टु बी कॉल्ड बॅक फ्रॉम द वर्क, दोज हू हॅड गॉन रादर फार टु फेच मटीरियल टु बी सेंट फॉर, द लाइन टु बी ड्रॉन अप, द सोल्जर्स टु बी एन्करेज्ड, द सिग्नल टु बी गिव्हन.’ एकच मतभेद राहिला. ‘सिग्नुम दान्दुम’ दोनदा आहे, आणि तिला दोन्हीकडे तेच इंग्रजी ठेवायचं होतं, कारण सीझरने तेच ठेवलं. माझ्या मते पहिला इशारा तुतारीचा, शस्त्रं घ्या म्हणून. शेवटचा लढाई सुरू करण्याचा, कारण पुढच्या प्रकरणात तो ‘प्रोएलिई कोम्मित्तेन्दी सिग्नुम’, लढाई जुंपण्याचा इशारा, देतो. म्हणून शेवटी ‘द सिग्नल फॉर बॅटल’ हवं. ती म्हणाली, ‘ते सीझरने विसाव्यात सांगितलेलं नाही, एकविसाव्यात सांगितलंय.’ मसुद्यात तिचंच राहू दिलं.